दोन आकड्यांत लोणार: अक्षांश आणि रेखांश मिळून जागा कशी ठरवतात

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे स्थान १९° ५८′ ३६″ उत्तर, ७६° ३०′ ३०″ पूर्व असे सांगितले जाते. उल्का आदळून तयार झालेले हे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ज्याला ना गावाचे नाव माहीत आहे, ना रस्ता, ना भाषा, अशा माणसालाही एवढ्या दोन आकड्यांवरून या विवराच्या आत बोट ठेवता येते. हे कसे घडते, ते या लेखात लोणारचेच उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवून पाहू. त्यासाठी एक कोरा कागद, कंपास, कोनमापक, पट्टी आणि महाराष्ट्राचा नकाशा असलेला नकाशासंग्रह एवढे साहित्य पुरेसे आहे.

पहिली पायरी: अक्षांश म्हणजे एक कोन

कागदावर ६ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ही पृथ्वी बाजूने पाहिली आहे असे समजा. वर्तुळाच्या केंद्रातून एक आडवी रेषा काढा. ते विषुववृत्त झाले. वर्तुळाचा सर्वांत वरचा बिंदू म्हणजे उत्तर ध्रुव आणि सर्वांत खालचा बिंदू म्हणजे दक्षिण ध्रुव. आता कोनमापकाचे मध्यचिन्ह वर्तुळाच्या केंद्रावर ठेवा आणि आडव्या रेषेपासून वरच्या बाजूला २० अंशांचा कोन मोजून त्या दिशेने परिघापर्यंत रेषा काढा. ही रेषा परिघाला जिथे मिळते, तिथे पृथ्वीच्या पृष्ठभागावर २० अंश उत्तर अक्षांश आहे. लोणारचा अक्षांश विसाला अगदी थोडा कमी असल्यामुळे आकृतीपुरते हेच लोणार मानले तरी चालेल.

अक्षांश हे जमिनीवर मोजलेले अंतर नसून पृथ्वीच्या केंद्रापाशी मोजलेला कोन आहे, ही गोष्ट या आकृतीत स्पष्ट दिसते. विषुववृत्तावर हा कोन शून्य असतो आणि ध्रुवावर तो ९० अंश होतो, त्यामुळे ९० पेक्षा मोठा अक्षांश असूच शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे एक चूक पकडताना ते उपयोगी पडणार आहे.

आता परिघावरच्या त्याच बिंदूतून विषुववृत्ताला समांतर अशी आडवी रेषा वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत काढा. कागदावर ती सरळ रेषा दिसते, पण प्रत्यक्ष पृथ्वीवर ते पूर्ण वर्तुळ असते आणि त्याला अक्षवृत्त म्हणतात. या वर्तुळावरच्या प्रत्येक जागेचा अक्षांश एकच असतो. म्हणूनच केवळ अक्षांश सांगून काम भागत नाही. नाशिक शहर जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावरच आहे, म्हणजे नाशिक आणि लोणार यांच्या अक्षांशांत नाव घेण्यासारखा फरक नाही. याच वर्तुळावरून पुढे पूर्वेकडे जात राहिलो तर ओडिशाचा किनारा, लाओस, व्हिएतनाम, पॅसिफिक महासागरातले हवाई बेट, मेक्सिको, सहारा वाळवंट, सुदान आणि सौदी अरेबिया असा प्रवास करून आपण पुन्हा महाराष्ट्रात येतो. एका आकड्याने एवढे सारे प्रदेश एका ओळीत बसतात. त्यांतले लोणार कोणते, हे त्या आकड्याला सांगता येत नाही.

दुसरी पायरी: रेखांश आणि मान्य केलेले शून्य

म्हणून दुसरी, आडवी नव्हे तर उभी, रेषा लागते. नागपुरी संत्रे सोलल्यावर फोडींच्या कडा जशा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जातात, तशा उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत जाणाऱ्या अर्धवर्तुळांना रेखावृत्ते म्हणतात. एक रेखावृत्त शून्याचे धरायचे आणि त्याच्यापासून आपले रेखावृत्त पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंशांनी फिरलेले आहे ते मोजायचे. तो कोन म्हणजे रेखांश. पूर्वेकडे १८० आणि पश्चिमेकडे १८० मिळून ३६० अंशांचा पूर्ण फेरा होतो, म्हणून रेखांश १८० च्या पुढे जात नाही.

इथे अक्षांश आणि रेखांश यांच्यातला एक खरा भेद आहे आणि नवख्या वाचकाने त्यावर थोडे थांबावे असे मला वाटते. अक्षांशाचे शून्य पृथ्वीनेच ठरवून दिले आहे. पृथ्वी एका अक्षाभोवती फिरते, त्या अक्षाची दोन टोके म्हणजे ध्रुव, आणि दोन्ही ध्रुवांपासून सारख्या अंतरावर एकच वर्तुळ निघते, ते विषुववृत्त. रेखावृत्तांच्या बाबतीत मात्र सगळी अर्धवर्तुळे सारख्याच लांबीची असतात आणि त्यांपैकी कोणतेही एक मुळातच वेगळे नसते. त्यामुळे शून्य कुठे धरायचे हे माणसांना आपापसांत ठरवावे लागले. भारतीय ज्योतिषशास्त्रात उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ मानली जात असे. ती आजच्या हिशेबाने सुमारे ७५.८ अंश पूर्वेला येते, म्हणजे त्या पद्धतीने लोणारचा रेखांश जेमतेम पाऊण अंश पूर्व असा निघाला असता. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेतून जाणारे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले, आणि त्या हिशेबाने लोणार ७६ अंश ३० मिनिटे पूर्वेला येते.

रेखांशाचेही एकट्याने भागत नाही. लातूर शहर साधारण ७६.६ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे लोणारच्या रेखावृत्ताच्या अगदी शेजारी. त्याच पट्ट्यात आणखी दक्षिणेला मैसुरू येते. पण नाशिकमधून जाणारे अक्षवृत्त पूर्वेकडे वाढवले आणि लातूरमधून जाणारे रेखावृत्त उत्तरेकडे वाढवले, तर ती दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात ती जागा लोणारच्या परिसरातच येते. नकाशासंग्रहातला महाराष्ट्राचा नकाशा उघडून हे पट्टीने स्वतः करून पाहा. एक अक्षवृत्त आणि एक रेखावृत्त पृथ्वीच्या पृष्ठभागावर एकाच ठिकाणी छेदतात. रेखावृत्त हे पूर्ण वर्तुळ नसून अर्धे असल्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला दुसरा छेद मिळत नाही, आणि म्हणूनच या दोन आकड्यांनी जागा नेमकी एकच ठरते.

तिसरी पायरी: अंश, मिनिटे आणि सेकंद

एक अंश ही नकाशावर लहान वाटणारी, पण जमिनीवर फार मोठी गोष्ट आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे; त्याला ३६० ने भागले की एका अंशामागे सुमारे १११ किलोमीटर येतात. एवढ्या अंतरात कितीतरी तालुके मावतात. म्हणून अंशाचे ६० भाग करतात, त्यांना मिनिटे म्हणतात, आणि प्रत्येक मिनिटाचे पुन्हा ६० भाग करतात, त्यांना सेकंद म्हणतात. ही नावे घड्याळातली असली तरी इथे ती कोनाची मापे आहेत. अक्षांशाच्या एका मिनिटाला जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर आणि एका सेकंदाला सुमारे ३१ मीटर अंतर पडते. लोणारच्या विवराची रुंदी जवळजवळ एका मिनिटाएवढी आहे, ही आपल्यासाठी सोयीची गोष्ट आहे: मिनिटापर्यंतचा आकडा बरोबर असेल तर आपण विवरात किंवा त्याच्या काठाच्या आसपास असू.

मोबाइलवरच्या नकाशात मात्र मिनिटे आणि सेकंद सहसा दिसत नाहीत. तिथे दशांश अपूर्णांक असतो. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाण्यासाठी मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ते अंशांत मिळवायचे. लोणारच्या अक्षांशासाठी ५८ भागिले ६० म्हणजे ०.९६६७ आणि ३६ भागिले ३६०० म्हणजे ०.०१००, ते १९ मध्ये मिळवले की १९.९७६७ येतात. रेखांशासाठी ३० भागिले ६० म्हणजे ०.५ आणि ३० भागिले ३६०० म्हणजे ०.००८३; ते ७६ मध्ये मिळवले की ७६.५०८३ येतात. नकाशाच्या शोधचौकटीत पुढीलप्रमाणे टंकलिखित केले की खूण विवरावर पडते:

```
19.9767, 76.5083
```

दशांशचिन्हापुढे किती अंक लिहायचे, हे आपल्याला किती नेमकी जागा हवी त्यावर ठरते. लोणारचे आकडे पूर्ण अंशांत लिहिले, म्हणजे २० आणि ७७, तर खूण विवराच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटर दूर जाते. एक अंक ठेवून २०.० आणि ७६.५ लिहिले तर ती विवराच्या उत्तरेला अडीच-तीन किलोमीटरवर, म्हणजे अजूनही बाहेरच पडते. दोन अंक ठेवून १९.९८ आणि ७६.५१ लिहिले की खूण विवराच्या आत येते. एखादे देऊळ किंवा विहीर दाखवायची असेल तर चार अंक लागतात, कारण चौथ्या अंकाला सुमारे ११ मीटर अंतर पडते. त्यापुढचे अंक मोबाइल दाखवतो खरा, पण मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलला स्वतःची जागा काही मीटरच्या फरकानेच कळत असल्यामुळे सहाव्या-सातव्या अंकावर विश्वास टाकण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो

पहिल्या पायरीतली आकृती पुन्हा समोर घ्या. विषुववृत्ताच्या वर्तुळाची त्रिज्या ६ सेंटिमीटर आहे. आता २० अंशांवर काढलेल्या आडव्या रेषेची अर्धी लांबी पट्टीने मोजा. ती सुमारे ५.६ सेंटिमीटर भरेल. म्हणजे लोणारमधून जाणारे अक्षवृत्त विषुववृत्तापेक्षा थोडे लहान आहे. दोन्ही वर्तुळांचे ३६० भागच करायचे असल्यामुळे लहान वर्तुळाचा प्रत्येक भाग लहान निघतो: विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर लोणारच्या अक्षांशावर तो सुमारे १०४.६ किलोमीटरचा असतो. तशीच एक आडवी रेषा ६० अंशांवर काढून तिची अर्धी लांबी मोजा. ती बरोबर ३ सेंटिमीटर येईल, म्हणून तिथे रेखांशाचा अंश निम्म्यावर, ५५-५६ किलोमीटरवर आलेला असतो. ध्रुवापाशी सर्व रेखावृत्ते एका बिंदूत मिळतात आणि हे अंतर शून्य होते. ध्रुवावर उभ्या असलेल्या माणसाला अक्षांश पुरेसा आहे. तिथे रेखांशाला काही अर्थच उरत नाही.

यावरून अंतराचा अंदाज काढता येतो. लातूर लोणारच्या दक्षिणेला साधारण १.५७ अंशांवर आहे. अक्षांशाचा अंश सगळीकडे जवळजवळ सारखाच असल्यामुळे १.५७ ला १११ ने गुणले की सुमारे १७४ किलोमीटर मिळतात. नाशिक लोणारच्या पश्चिमेला साधारण २.७ अंशांवर आहे. इथे मात्र १०४.६ ने गुणायचे, म्हणजे सुमारे २८२ किलोमीटर. ही सरळ रेषेतली अंतरे आहेत आणि रस्त्याने ती अधिक भरतात.

पाचवी पायरी: छापील नकाशावर जागा शोधणे

समजा, तुमच्या नकाशात ७६° आणि ७८° ही रेखावृत्ते एकमेकांपासून ४ सेंटिमीटरवर आहेत, आणि १८° व २०° ही अक्षवृत्ते ४.२ सेंटिमीटरवर आहेत. लोणारचा रेखांश ७६° च्या पुढे ०.५१ अंश आहे. दोन अंशांना ४ सेंटिमीटर, तर ०.५१ अंशाला सुमारे १ सेंटिमीटर; म्हणून ७६° च्या रेषेपासून उजवीकडे १ सेंटिमीटरवर एक फिकट उभी रेषा काढा. अक्षांश १८° च्या पुढे १.९८ अंश आहे, त्याला सुमारे ४.१५ सेंटिमीटर पडतात, म्हणजे २०° च्या रेषेच्या अगदी जेमतेम खाली. तिथे आडवी रेषा काढा. दोन्ही रेषा जिथे छेदतील तिथे लोणारचे नाव किंवा ठिपका सापडायला हवा.

इथे एक काळजी घ्यावी लागते. पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवताना रेषा बहुधा किंचित वाकड्या होतात, त्यामुळे तुम्ही काढलेली रेषा नकाशाच्या चौकटीला समांतर नसून त्या जागेच्या शेजारच्या छापील अक्षवृत्ताला किंवा रेखावृत्ताला समांतर असली पाहिजे. भारताच्या किंवा आशियाच्या मोठ्या नकाशात हा फरक डोळ्यांनाही दिसतो.

हे आकडे मुळात मिळतात कसे

आज उपग्रहांच्या संकेतांवरून मोबाइल हे आकडे काढतो, पण त्यांमागचा अर्थ आकाशाकडे पाहिल्यावर अधिक चांगला उमगतो. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, साधारण तितकाच त्या जागेचा अक्षांश असतो. लोणारला तो उत्तर क्षितिजावर सुमारे २० अंशांवर दिसतो. हा तारा अगदी नेमका ध्रुवबिंदूवर नसल्यामुळे या मापात पाऊण अंशापर्यंतची चूक राहू शकते.

रेखांशासाठी असा एखादा स्थिर तारा नाही. तिथे वेळ मोजावी लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि दर ४ मिनिटांना एक अंश. लोणार ग्रिनिचच्या पूर्वेला ७६.५ अंशांवर असल्यामुळे लोणारची मध्यान्ह ग्रिनिचच्या मध्यान्हीच्या सुमारे ५ तास ६ मिनिटे आधी होते. भारताची प्रमाणवेळ मात्र ८२° ३०′ पूर्व या रेखावृत्तावरची आहे. लोणार त्याच्या पश्चिमेला ६ अंशांवर असल्याने तिथे सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून २४ मिनिटे झालेली असतात. वर्षभरात ही वेळ सरासरीच्या मागेपुढे पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत सरकते, म्हणून एकाच दिवशी पाहिलेल्या सावलीवरून रेखांश काढू नये.

चुका कुठे होतात आणि त्या कशा ओळखाव्यात

सर्वांत जास्त होणारी चूक क्रमाची असते. आधी अक्षांश आणि नंतर रेखांश असा रूढ क्रम आहे, पण काही संगणकीय फायलींमध्ये रेखांश आधी लिहिलेला असतो. लोणारचे आकडे उलटे लिहिले तर ७६.५ उत्तर, २० पूर्व अशी जागा तयार होते, आणि ती नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड द्वीपसमूहाजवळच्या गोठणाऱ्या समुद्रात येते. ७६.५ हा आकडा ९० पेक्षा लहान असल्यामुळे यंत्र कोणतीही तक्रार करत नाही, आणि म्हणूनच ही चूक धोक्याची आहे. कोलकात्याचा रेखांश ८८ च्या वर आहे, तोही असाच निसटेल. गुवाहाटीचा ९१ पेक्षा अधिक असल्यामुळे तो अक्षांशाच्या जागी लिहिताच चूक उघडी पडेल.

दुसरी चूक दिशेची. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम हे शब्द आकड्याचाच भाग आहेत. दशांश पद्धतीत दक्षिण आणि पश्चिम यांच्यासाठी उणे चिन्ह लावतात. लोणारच्या अक्षांशाला चुकून उणे चिन्ह लागले तर खूण मॉरिशसच्या पूर्वेला दूर हिंदी महासागरात पडते, आणि रेखांशाला लागले तर ती क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जाते.

तिसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिने खूण फार लांब जात नाही. १९° ५८′ हे घाईत १९.५८ असे लिहिले जाते आणि ७६° ३०′ हे ७६.३० असे. पण ५८ मिनिटे म्हणजे ०.५८ अंश नव्हे, ते ०.९७ अंश आहेत. ही चूक केल्यास खूण लोणारपासून नैऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवर पडते. ती महाराष्ट्रातच, मराठवाड्याच्या शेतशिवारात असल्यामुळे पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. मूळ लिखाणात अंशाची आणि मिनिटाची चिन्हे आहेत की दशांशचिन्ह आहे, हे आधी पाहिल्याखेरीज आकडा उतरवू नये.

पहिल्या दोन चुकांसाठी एक सोपी पडताळणी आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांतल्या कोणत्याही जागेचा अक्षांश १४ ते २३ अंश उत्तर या दरम्यान आणि रेखांश ७२ ते ८१ अंश पूर्व या दरम्यान असतो. आपल्या गावाचे आकडे या मर्यादेबाहेर जात असतील तर क्रम आणि दिशा तपासा. तिसऱ्या चुकीला ही पडताळणी पुरत नाही. तिच्यासाठी आकडे नकाशात टाकून, खुणेच्या आसपास ओळखीचे तळे, नदी किंवा रस्त्याचा फाटा खरोखर दिसतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते.